टॉवेल पाणी कसं टिपतो? : संहिता, मसुदा ३

लांबी: ९० सेकंद. चित्रीकरण: अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर.
कोणासाठी: दुकानात टॉवेल घ्यायला आलेलं, माग कधी न पाहिलेलं गिऱ्हाईक. ताणा, बाणा, पिक हे शब्द निवेदनात नकोत. जीएसएम लेबलवर असतो, म्हणून तेवढा ठेवलाय.
सुरुवातीचा सिद्धेश्वर तलावाचा ड्रोन शॉट काढला. देखणा होता, पण दहा सेकंद खात होता.

| दृश्य | ध्वनी |
|---|---|
| ०:०० स्टीलच्या दोन ताटांत सारखंच पाणी. एकात पंचा, दुसऱ्यात टॉवेल. दोन्ही एकदम उचलतात; पंच्याच्या ताटात पाणी उरलेलं. | (आधी फक्त पाण्याचा आवाज) निवेदिका: दोन्ही सुतीच. मग टॉवेलच जास्त पाणी का पितो? |
| ०:१२ टॉवेल अगदी जवळून. अंदाज यावा म्हणून शेजारी रुपयाचं नाणं. | पंचा सपाट असतो. टॉवेलवर धाग्याची बारीक वेटोळी उभी असतात. त्यांना म्हणतात लूप. पाणी धाग्यात मुरतं, लुपांच्या फटींतही अडकतं. |
| ०:२५ चालू माग. मग रेखाचित्र: ताठ धागे निळे, सैल धागे केशरी. फणीचा ठोका तीनदा, संथ. *संकलकासाठी: इथे घाई नको. हे कळलं नाही तर पुढचं वाया.* | (मागाचा खडखडाट ३ सेकंद पूर्ण, मग हळू) मागावर उभ्या धाग्यांचे दोन रूळ असतात. एक ताठ, एक सैल. दोन आडवे धागे कापडापासून जरा लांबच थांबतात. तिसरा आला, की फणी तिघांना एकदम ठोकते. ताठ धागे जागचे हलत नाहीत. सैल धागे पुढे ढकलले जातात आणि वर फुगतात. (तीन ठोके, निवेदन नाही) |
| ०:५२ मागावरचे मामा, हात धाग्यांवर. खाली अक्षरं, कारण दुकानात टीव्हीचा आवाज बंदच असतो. | मामा: सैल सोडल्याबिगर फुगत नाही बघा. |
| ०:५६ तराजूवर टॉवेल: ४५० ग्रॅम. मोजपट्टी: ७५ × १५० सेंमी. पडद्यावर: ४५० ÷ १.१२५ चौ. मी. = ४०० जीएसएम | लेबलवरचा जीएसएम म्हणजे एका चौरस मीटरचं वजन, ग्रॅममध्ये. आकडा मोठा तसा टॉवेल जाड. पण जाड टॉवेल वाळायला वेळ घेतो. पावसाळ्यात रोज धुणार असाल तर हलका बरा. (मालकांनी हे वाक्य दोनदा खोडलं होतं. राहू दे, गिऱ्हाईक यावरच विश्वास ठेवेल.) |
| १:१४ बादली. सॉफ्टनरची बाटली हाताने बाजूला सरकवली जाते. | नवा टॉवेल वापरण्याआधी एकदा धुवा. सॉफ्टनर टाळा, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि टॉवेल पाणी कमी टिपतो. |
| १:२३ गच्ची, दोरीवर टॉवेल, सोलापूरचं ऊन. कोपऱ्यात कारखान्याचं चिन्ह. | (टॉवेल झटकल्याचा आवाज. संगीत नाही.) |