नानांच्या उशाशी, भेटीच्या वेळेत

(नाशिकरोड, फेब्रुवारीतला शनिवार, संध्याकाळची भेटीची वेळ. नाना ७८ वर्षांचे, नोटा-मुद्रांक छापणाऱ्या इथल्या सरकारी प्रेसमधून निवृत्त. जिन्यात पडून उजवा खुबा मोडला. ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. भेटायला आलाय समोरच्या दारातला संजय. सून उशाशी.)

नाना, मी संजय. समोरचा. उठू नका, मानसुद्धा वळवू नका, मीच या बाजूला येतो. हात धुऊन आलोय. पलंगावर बसत नाही, स्टूल आहे.

ऐकू येतंय का? नाही ना? वहिनी, मशीन द्या बरं इकडं. सेल गेलाय, बघा. तुम्ही फोनवर म्हणालात ना, विचारावं एक तर नाना सांगतात भलतंच, तेव्हाच मला शंका आली. बिटकोजवळून घेऊन आलो. नारिंगी स्टिकरचे, तेरा नंबर. स्टिकर काढला की मिनिटभर तसाच ठेवायचा, हवा लागू द्यायची, मग घालायचा. लगेच कोंबला की नीट चालत नाही. थांबा... हां. आता? येतंय ना? आणि हा चष्मा. माईंनी पुसून दिलाय.

आज शनिवार, नाना. साडेपाच वाजलेत. ऑपरेशन गुरुवारी झालं. खुब्याचा गोळा बदललाय, काम नीट झालंय असं डॉक्टर तुमच्या पोराला म्हणाले. तो खाली बिलाच्या खिडकीवर आहे, येईल.

रात्रीचं मनाला लावून घेऊ नका. सिस्टरांकडं गेटपास मागितलात म्हणे, पाळी सुटली, आता जाऊ द्या म्हणून. लाज कसली त्यात? भूल, दुखणं, नवी जागा, वर कानात मशीन नाही आणि डोळ्यावर चष्मा नाही. या वयात ऑपरेशननंतर बऱ्याच जणांना असं होतं, डोकं फिरलं असा त्याचा अर्थ नाही. इतकी वर्षं त्या प्रेसच्या गेटवर झडती देऊन बाहेर पडलात, झोपेत तेच आठवणार. सिस्टरही हुशार निघाल्या. म्हणाल्या, नाना, सकाळी आठला मिळेल पास, तोवर पडा. वहिनी, पुन्हा असं बोलले तर खोडून काढत बसू नका. दिवा लावायचा, शांतपणे सांगायचं की दवाखान्यात आहात, मी इथं आहे. आणि सिस्टरांना कळवायचं.

दुखतंय का, हे मी विचारत नाही. हाड मोडलंय, दुखणारच. पण सिस्टर विचारतात ना, दहापैकी किती, तेव्हा खरा आकडा सांगा. काल चेहरा पिळवटलेला आणि तोंडानं म्हणे "तीन". सोसल्याचं इथं कुणी पदक देत नाही, नाना. दुखणं दाबून धरलं की पाय हलवावासा वाटत नाही, श्वास वरच्यावर घेतला जातो आणि छातीत कफ धरतो. गोळी घ्यायची ती चालता यावं म्हणून.

आणि हे श्वासाच्या व्यायामाचं यंत्र, आत तीन गोळे असलेलं. कालपासून तुम्ही यात फुंकताय म्हणे! फुंकायचं नाही, ओढायचं. नळी तोंडात धरा, सावकाश आत ओढा. हळू... एक गोळा वर आला की. बास, पुरे. जागे असाल तेव्हा अधूनमधून करत राहा. पोटात सुई देतात ती रक्ताची गाठ होऊ नये म्हणून, तिला नको म्हणू नका.

काय म्हणालात? ओझं? कुणाचं ओझं? माझ्या बाबांच्या वेळी दवाखान्याच्या बाकड्यावर रात्र कुणी काढली होती? तेव्हा तुम्ही मला हिशेब दिला नव्हता. मीही घेणार नाही आणि देणार नाही.

माई बऱ्या आहेत. रात्री आमची मनू त्यांच्याकडं झोपते. माई तिला भाकरी थापायला शिकवतायत, पहिल्या दोन नकाशासारख्या झाल्या, त्या मीच खाल्ल्या. गुडघ्यामुळं त्यांना इथं आणलं नाही. त्यांनी एकच विचारून यायला सांगितलंय, पोटात काही गेलं का? अर्धी वाटी खिचडी? बरं, अर्धी सांगतो. पाऊण सांगू? नको, खरंच सांगतो, माईंना कळतंच.

खायला मुद्दाम काही आणलं नाही. पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आली होती, तुमच्या वाट्याची माईंकडं दिलीय. तुमची शुगर बघून डॉक्टर काय म्हणतात ते ऐकू, मग बघू. प्रेसमधली तुमची मंडळी आजच यायला निघाली होती, आठ-नऊ जण. मी नको म्हटलं. घरी गेल्यावर दोघा-दोघांनी या, असं सांगितलंय. रागावलेत थोडे. रागावू देत.

आता एक काम आहे तुमच्याकडं. पाण्याची मोटर. तुम्ही पडल्यापासून सोसायटीत गोंधळ आहे. काल मी लावली आणि बंद करायला विसरलो, टाकी भरून वाहिली, खालच्या जोशींच्या गाडीला फुकट आंघोळ. आज पाणी चढलंच नाही. तो वाल्व किती फिरवायचा? पूर्ण नाही? दीड आटा? आणि मोटरच्या आधी की नंतर? आधी. थांबा, लिहून घेतो. दीड आटा, आधी वाल्व, मग मोटर. इतकी वर्षं हे एकट्यानं करत होतात आणि आम्हाला वाटायचं पाणी आपोआप येतं.

घरची तयारी आम्ही करतोय. वॉकर आणि कमोडची खुर्ची सर्जिकलच्या दुकानात बघून ठेवलीय. बाथरूमात धरायला दांडी बसवायला उद्या माणूस येतोय. जिन्यात दिवा लावलाय, तो आधीच लावायला हवा होता. मांडी घालायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, खाली वाकून चप्पल उचलायची नाही. किती दिवस, ते डॉक्टर सांगतील. पूजेचं विचाराल म्हणून सांगतो, देव पाटावरून उचलून टेबलावर मांडायचे, तुम्ही खुर्चीत. माईंना पटलंय. तुम्हालाही पटेल, हळूहळू.

आज वॉकर धरून किती पावलं टाकलीत? सहा? काल तर नुसतं उभं केलं होतं. मुक्तिधामपर्यंत जायचं कधी, हे आज बोलायचंच नाही. उद्या फिजिओवाले आले की "थोड्या वेळानं" म्हणू नका, एवढंच.

डोळे मिटतायत तुमचे. मिटा की. मी बोलतोय म्हणून जागं राहायची गरज नाही, उत्तरही देऊ नका. उद्या मी येणार नाही, सुनीता येईल, तीही दहा मिनिटंच.

वहिनी, सकाळपासून तुम्ही काही खाल्लंय का? खरं सांगा. खाली कँटीनला जाऊन चहा आणि काहीतरी खाऊन या. पास माझ्याकडं ठेवा, सेलचं पाकीट त्या खणात आहे. तुम्ही येईपर्यंत मी बसतो.