तापाची रात्र
(लसीकरण शिबिरासाठी लघुपटाची संहिता, अंदाजे नऊ मिनिटे)

चित्रीकरणाला निघण्याआधी सगळ्यांनी हे वाचावं. हा लघुपट शिबिराच्या आठवडाभर आधी बचत गटाच्या बैठकीत, अंगणवाडीत आणि बायकांच्या फोनवर बघितला जाणार आहे. म्हणून चेहरे जवळून घ्या आणि संवाद स्वच्छ ऐकू येऊ द्या. पडद्यावरची अक्षरं मोठी ठेवा आणि प्रत्येक पाटी कुणाच्या तरी तोंडून वाचून घ्या, कारण बघणाऱ्या प्रत्येकीला वाचता येईलच असं नाही.

सासूला खलनायिका करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. लस नको म्हणणाऱ्या बहुतेक बायकांनी डोसनंतरची एक तापाची रात्र काढलेली असते आणि त्या रात्री त्यांच्याजवळ समजावणारं कुणी नसतं. आपण त्या रात्रीपासून सुरुवात करतोय.

दृश्य १. घर, आतली खोली. रात्र.

(महिनाभरापूर्वीची रात्र. रंग थोडे फिके. दीड महिन्याचं बाळ किरकिरतंय. रेखा, वय २३, वाटीतल्या पाण्यात फडकं भिजवून बाळाचं अंग पुसतेय. बाळाच्या दोन्ही मांड्यांवर इंजेक्शनच्या खुणा. सासू, शांताबाई, वय ६२, दारात उभ्या.)

शांताबाई : चांगलं खेळतं लेकरू घेऊन गेलीस आणि तापलेलं घेऊन आलीस.

(रेखा काही बोलत नाही. फडकं पिळते. तिचे हात थरथरतायत. कॅमेरा हातांवरच राहू द्या, चेहऱ्यावर जाऊ नका.)

शांताबाई : परत न्यायचं नाही. सांगून ठेवते.

दृश्य २. घराचा ओटा. सकाळ, आजचा दिवस.

(लांबून रिक्षावरचा भोंगा : "शनिवारी नगरपालिकेच्या शाळेत लसीकरण शिबिर, सकाळी नऊ ते दुपारी चार." आशाताई मंगल वही घेऊन ओट्यापाशी येते. रेखा बाळाला घेऊन आत वळते.)

मंगल : रेखा, दहा आठवडे झाले गं बाळाला. दुसरा डोस आलाय.

रेखा : आम्ही नाही येणार ताई.

(मंगल वही मिटते आणि ओट्यावर बसते. ही वही मिटण्याची कृती स्पष्ट दिसली पाहिजे.)

मंगल : मागच्या वेळी काय झालं ते सांग मला. सगळं.

रेखा : संध्याकाळी ताप आला. रात्रभर रडत होता. मांडी लाल, कडक. तीन सुया मारल्या होत्या ताई, एवढ्याशा जिवाला! मला वाटलं, काहीतरी चुकीचं टोचलं. हे कामाला बाहेरगावी. फोन करू तर कुणाला?

मंगल : ताप येऊ शकतो, हे तुला कुणी सांगितलं होतं?

रेखा : नाही.

मंगल : ते सांगायचं आमचं काम होतं. सांगितलं असतं तर तू रात्रभर घाबरली नसतीस. आमचं चुकलं.

(थोडी शांतता. रेखा पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघते. ही शांतता कापू नका.)

मंगल : आता ऐक. त्या तीन सुयांतल्या एका लसीत पाच आजारांवरचं औषध एकत्र असतं : घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब नावाच्या जंतूचे आजार. त्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागामुळे बहुतेक करून ताप येतो. आजार अंगात शिरला म्हणून हा ताप येत नाही. अंग लढायला शिकतंय म्हणून येतो. एक-दोन दिवसांत उतरतो.

रेखा : आणि मांडी?

मंगल : सूज येते आणि जाते. त्यावर तेल, हळद, गरम शेक काही करायचं नाही. स्वच्छ थंड पाण्याचं फडकं चालतं. पॅरासिटॅमॉलचं औषध सिस्टर बाळाच्या वजनाप्रमाणे सांगतील तेवढंच द्यायचं. अंगावर दूध पाजत राहायचं, दूध तोडायचं नाही.

शांताबाई : (आतून) आणि ताप उतरलाच नाही तर?

मंगल : मावशी, हा प्रश्न बरा विचारलात. बाळ तीन तासांच्या वर न थांबता रडलं, झटका आला, अंग ढिलं पडलं, श्वास घ्यायला त्रास झाला, ताप खूप चढला किंवा दोन दिवसांत उतरला नाही, तर वाट बघायची नाही. लगेच दवाखाना. गाडीसाठी १०८. आणि मला फोन, रात्री कितीही वाजू देत.

रेखा : परवा परत तीनच सुया?

मंगल : नाही गं. यावेळी सुई एकच. बाकी दोन औषधं तोंडातून, एक पोलिओचं आणि एक जुलाबाच्या रोटाव्हायरसचं. तीन सुया पुन्हा चौदाव्या आठवड्याला आहेत, ते आत्ताच सांगून ठेवते.

दृश्य ३. नगरपालिकेची शाळा, शिबिर. शनिवार, सकाळ.

(बाकांवर बायका. टेबलावर निळी लसपेटी, बर्फाच्या पिशव्या, सुया टाकायचा कटर. सिस्टर, वय ४० च्या आसपास, आवाज मृदू. शांताबाई भिंतीला टेकून उभ्या. त्या आल्या आहेत, पण बाळाला हात लावू देणार नाहीत अशा.)

पहिली बाई : सिस्टर, फुकटची लस म्हणजे हलकी असेल ना? जाऊबाईंनी पैसे देऊन खासगीत घेतली.

सिस्टर : इकडं या, बघा. (बाटली वर धरते. जवळून.) ह्या गोलाच्या आत चौकोन दिसतो? तो गोलापेक्षा फिकट आहे. बाटली उन्हात, गरमीत राहिली की चौकोन काळा पडत जातो. गोलाइतका काळा झाला की बाटली फेकून देतो. फिकट चौकोन म्हणजे लस चांगली. तुम्ही स्वतः बघायचं, आम्हाला विचारायचं. लसीचा प्रत्येक साठा हिमाचलमधल्या कसौलीच्या सरकारी प्रयोगशाळेतून तपासून आल्यावरच बाहेर पडतो.

(सुईच्या पाकिटाचं जवळून दृश्य. सिस्टर ते रेखासमोरच फाडते.)

सिस्टर : ही सिरिंज एकदा दाबली की परत वापरताच येत नाही, अशीच बनवलीय. एका बाळाची दुसऱ्याला लागणं शक्यच नाही.

दुसरी बाई : माझी पोर माहेरी जन्मली. दोन डोस चुकले. आता पहिल्यापासून का?

सिस्टर : नाही. थांबलं तिथून पुढं सुरू. माहेरचं कार्ड इथंही चालतं. कार्ड फक्त जपा.

तिसरी बाई : सर्दी आहे बाळाला. नाक वाहतंय.

सिस्टर : दूध पितंय, खेळतंय? मग चालतं. साध्या सर्दीसाठी डोस पुढं ढकलू नका.

(एक तरुण मुलगी, वय १९, सात महिन्यांची गरोदर, सासूच्या मागे.)

तरुणी : (हळू) मला पण धनुर्वाताचं इंजेक्शन सांगितलंय. पोटातल्या बाळाला काही… आणि पुढं परत मूल… लोक म्हणतात.

(सिस्टर खुर्चीवरून उठते आणि तिच्याशेजारी बाकावर बसते. टेबल मध्ये येऊ देऊ नका.)

सिस्टर : मीसुद्धा लहानपणी सगळे डोस घेतलेत. गरोदरपणात हेच इंजेक्शन घेतलं, दोन्ही वेळा. दोघं शाळेत आहेत. लसीचं काम रक्तातल्या रोगाशी लढणाऱ्या शक्तीशी असतं, गर्भपिशवीशी तिचा काही संबंध येत नाही. आणि तुला जी शक्ती तयार होते, ती नाळेतून बाळाला जाते. जन्मल्या दिवसापासून त्याच्याजवळ तेवढं रक्षण असतं.

तरुणी : आणि पाळी चालू असताना घेतलं तर? माझ्या बहिणीला विचारायचं होतं.

सिस्टर : चालतं. काहीही फरक पडत नाही. बिनधास्त सांग तिला.

दृश्य ४. शाळेचा व्हरांडा.

(रेखाच्या बाळाला डोस झालाय. भिंतीवर कागद : "डोसनंतर अर्धा तास इथेच बसा." बाळ दूध पितंय. शांताबाई शेजारी. सिस्टर पाणी प्यायला बाहेर आली आहे.)

सिस्टर : मावशी, अर्धा तास यासाठी की काही त्रास झालाच तर तो बहुतेक वेळा लगेच होतो आणि त्याचं औषध माझ्याकडं तयार असतं.

(शांताबाई मान हलवतात. बऱ्याच वेळाने बोलतात.)

शांताबाई : हिचा नवरा माझा दुसरा. पहिला होता. दोन दिवस छान प्यायला. मग तोंडच उघडेना. छातीला लावला की ओठ आवळून घ्यायचा. नुसता हात लावला, दार वाजलं तरी अंग धनुष्यासारखं ताठ. सातव्या दिवशी गेला. सगळे म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलं.

सिस्टर : नाळ कशानं कापली होती?

शांताबाई : विळ्यानं. घरातल्याच.

सिस्टर : मावशी, तो धनुर्वात होता.

(शांताबाई तिच्याकडे बघतात. एवढ्या वर्षांत हे नाव त्यांना कुणी सांगितलेलं नाही. अभिनेत्रीला इथे रडायला सांगू नका.)

शांताबाई : मग माझं चुकलं का काही?

सिस्टर : नाही हो. तुमच्या गरोदरपणात ते इंजेक्शन घेऊन कुणी तुमच्या दारात आलं नाही. आता त्या पोरीला आत दिलं ना, तेच. स्वच्छ बाळंतपणं आणि त्या इंजेक्शनमुळे २०१५ पर्यंत आपल्या देशात बाळांचा धनुर्वात इतका कमी झाला की तो आटोक्यात आल्याचं जाहीर झालं. निसर्गातल्या पोलिओ विषाणूचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण २०११ च्या जानेवारीतला. त्या विषाणूचा त्यानंतर एकही नाही.

(शांताबाई बाळाकडे हात करतात. रेखा बाळ त्यांच्या मांडीवर देते. त्या बाळाच्या मांडीवरच्या सुईच्या खुणेला बोट लावत नाहीत, तिच्या शेजारी ठेवतात.)

दृश्य ५. घर, आतली खोली. रात्र.

(दृश्य १ चीच जागा, तोच कोन, रंग आता नेहमीचे. बाळ किरकिरतंय. रेखा उठते, कपाळाला हात लावते. कार्डाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेलं औषधाचं प्रमाण वाचते, मोजून देते, बाळाला छातीशी घेते. घाई नाही.)

शांताबाई : किती वाजले?

रेखा : दोन. थोडाच आहे ताप, आई.

शांताबाई : दे इकडं. पाजून झालं की झोप तू. मी बसते.

(बाळ त्यांच्या खांद्यावर. त्या दुसऱ्या हाताने भिंतीवरचं कॅलेंडर उलटतात. पुढच्या पानावरच्या एका तारखेभोवती त्यांनी आधीच कुंकवाने गोल काढलेला आहे.)

शांताबाई : चार आठवडे झाले की परत. तीन सुया म्हणाली ती मंगल. मी धरीन याला, तू दुसरीकडं बघ.

(पडदा काळा. मंगलच्या आवाजात, अक्षरांसह :)

"येत्या शनिवारी, सकाळी ९ ते दुपारी ४, नगरपालिका शाळा. लस मोफत. कार्ड सोबत आणा, हरवलं असेल तरी या. भीती वाटत असेल तर आशाताईला आधी घरी बोलवा आणि सगळं विचारून घ्या."