कॅथेटरमुळे होणारं लघवीचं इन्फेक्शन कमी करायचं प्रपोजल: दोन मेडिसिन वॉर्ड आणि इमर्जन्सी

क्वालिटी कमिटीला,

नमस्कार. मी इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणून हे लिहितेय, मेडिसिनच्या दोन्ही वॉर्ड इनचार्ज सिस्टर आणि एक कन्सल्टंट सोबत आहेत. मागणी एका ओळीत सांगायची तर कॅथेटर कधी काढायचा हे ठरवायची जबाबदारी आज नक्की कुणाचीच नाहीये, ती आम्हाला ड्युटीवरच्या सिस्टरकडे द्यायची आहे, आणि तिच्या भोवती केअर बंडल उभं करायचंय. स्वच्छता, हँड हायजीन वगैरे सगळं बंडलमध्ये आहेच, पण खरी गोची काढण्यात आहे.

आत्ता काय होतं

इमर्जन्सीत पेशंट येतो, बेशुद्ध असतो किंवा धाप लागलेली असते, लघवी किती होतेय बघायचं असतं म्हणून फोलीज टाकला जातो. तेव्हा ते बरोबरच असतं. मग पेशंट वॉर्डात येतो, दुसऱ्या दिवशी उठून बसतो, चहा पितो, बाथरूमपर्यंत चालू शकतो, आणि कॅथेटर तसाच. रेसिडेंटला वाटतं सरांनी ठेवायला सांगितलाय, सरांना राउंडला पांघरुणाखालचा कॅथेटर दिसतच नाही, सिस्टरला वाटतं ऑर्डर नाही तर मी कशी काढू. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हं. २००० साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात विचारलं तेव्हा सुमारे २८ टक्के वेळा डॉक्टरांना आपल्या पेशंटला कॅथेटर आहे हेच माहीत नव्हतं, आणि सिनियर डॉक्टरांमध्ये हे प्रमाण ज्युनियरांपेक्षा जास्त होतं. कुणाला नावं ठेवायला हे लिहीत नाही, सिस्टीमच तशी आहे.

दुसरा प्रकार म्हणजे सोयीसाठी टाकलेला कॅथेटर. चादर सारखी ओली होते, रात्रपाळीला माणसं कमी, मग टाका कॅथेटर. नातेवाईक पण मागे लागतात. त्रास खरा आहे, मी नाही म्हणत नाही, पण फक्त लघवी कपड्यात होते हे कॅथेटर टाकायचं कारण होऊ शकत नाही.

हे इतकं महत्त्वाचं का, तर कॅथेटर आत असेल तर दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्याने जंतू येतात, आणि महिनाभर राहिला तर जवळजवळ प्रत्येकाच्याच. ट्यूबच्या बाहेरून त्वचेच्या बाजूने जंतू वर चढतात, नाहीतर बॅग किंवा जॉइंट उघडला की आतून जातात, आणि ट्यूबवर बायोफिल्म धरली की अँटिबायोटिक तिथे नीट पोचत नाही. म्हणजे किती दिवस आत राहिला हीच सगळ्यात मोठी रिस्क. कितीही स्वच्छ ठेवा, नसलेल्या कॅथेटरइतका सेफ कॅथेटर नाही.

आयसीयू का नाही घेतलं

हा प्रश्न येणारच म्हणून आधीच सांगते. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ६०३ हॉस्पिटलांच्या अशाच प्रोग्रॅमचे रिझल्ट आले, त्यात आयसीयूबाहेरच्या वॉर्डांत इन्फेक्शन जवळपास एक तृतीयांश कमी झालं पण आयसीयूत फारसा फरक पडला नाही. आयसीयूत तासातासाची लघवी मोजायची खरंच गरज असते, काढायला वाव कमी. म्हणून पहिले ६ महिने ३० बेडचे दोन मेडिसिन वॉर्ड, आणि जिथून कॅथेटर येतात ती इमर्जन्सी. आयसीयूचं नंतर बघू.

बंडलमध्ये नक्की काय

टाकताना: ऑर्डरमध्ये कारण लिहायचंच, आणि ते ठरलेल्या यादीतलंच. लघवी अडकणं किंवा ऑब्स्ट्रक्शन, क्रिटिकल पेशंटमध्ये तासाची लघवी, ठरावीक ऑपरेशन, लघवी कंट्रोल होत नसताना कंबरेखालच्या मागच्या भागातली किंवा जांघेजवळची उघडी जखम, मणक्याच्या किंवा पेल्व्हिसच्या दुखापतीमुळे हलवताच येत नाही असा पेशंट, आणि शेवटच्या दिवसांत पेशंटला आराम म्हणून. एवढंच. यादीत बसत नसेल तर आधी डायपर, पुरुषांना कंडोम कॅथेटर, किंवा वेळेवेळेने एकदाच टाकून लगेच काढायचा कॅथेटर. टाकताना दोघं हवेत, एकाचे हात स्टराइल आणि दुसरा बाकीचं सांभाळणारा, कारण एकट्याने करताना पेशंट हलला की स्टराइल फील्ड गेलंच. चालेल तेवढा लहान साइझ, फुगा ट्यूब पूर्ण आत गेल्यावर आणि लघवी यायला लागल्यावरच फुगवायचा, आणि मांडीला फिक्स करायचा, नुसता लोंबकळत नाही ठेवायचा.

राहील तोवर: सिस्टीम बंद म्हणजे बंद, जॉइंट उघडायचा नाही. बॅग कायम मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकलेली, ट्यूबला पीळ नको. रिकामी करायला प्रत्येक पेशंटचं वेगळं भांडं, आणि तोटी भांड्याला लावायची नाही. रोजच्या आंघोळीत साबण-पाण्याने स्वच्छता, अँटिसेप्टिक रोज चोळायची गरज नाही. ठरावीक दिवस झाले म्हणून कॅथेटर बदलायचा हेही नको.

इथे एका गोष्टीवर जरा जास्त बोलते. पेशंटला सीटीला नेताना युरोबॅग कुठे असते ते एकदा लिफ्टपाशी उभं राहून बघा. ट्रॉलीला अडकवायला जागा नसते म्हणून मामा ती सरळ पेशंटच्या पायांमध्ये नाहीतर पोटावर ठेवतात, अर्धी भरलेली, आणि ट्यूबमधली लघवी उलटी आत जाताना डोळ्यांना दिसते. मग सीटीच्या टेबलावर परत तेच. वॉर्डात सगळं नीट केलेलं त्या फेरीत वाया. उपाय अगदी साधा आहे, नेण्याआधी बॅग रिकामी करायची आणि प्रत्येक ट्रॉलीला खालच्या बाजूला हुक लावायचा. मामांचं आणि रेडिओलॉजीच्या टेक्निशियनचं ट्रेनिंग म्हणूनच आम्ही धरलंय, सहसा ते कुणी धरत नाही.

काढणं: सकाळच्या शिफ्टचा हँडओव्हर झाला की सिस्टर प्रत्येक कॅथेटरवाल्या पेशंटपाशी जाऊन कारण अजून आहे का बघणार. यादीतलं कारण नसेल आणि डॉक्टरांनी ‘काढू नये’ असं कारणासकट लिहिलेलं नसेल तर सकाळी १० च्या आत ती काढणार, आणि रेसिडेंटला कळवणार. विचारणार नाही, कळवणार. हाच फरक आहे आणि यालाच कमिटीची मंजुरी हवीय. युरॉलॉजीचं ऑपरेशन झालेला, टाकायला अवघड गेलेला, लघवीतून रक्त येणारा किंवा ब्लॅडर वॉश चालू असलेला, आधी लघवी अडकलेली असलेला पेशंट आणि कायमचा कॅथेटरवाला, यांना सिस्टर हात लावणार नाही, तिथे डॉक्टरच ठरवतील.

काढल्यावर ६ तासांत लघवी झाली नाही तर, किंवा त्याआधीच पोट ताणलं, दुखलं तर, ब्लॅडर स्कॅन. ५०० मिलीच्या वर असेल किंवा त्रास होत असेल तर एकदाच कॅथेटरने रिकामं करून काढून टाकायचं, फोलीज परत ठेवायचा नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं तर डॉक्टर बघतील.

कल्चर: लघवी गढूळ आहे, वास येतोय एवढ्यावर कल्चर पाठवायचं बंद. सॅम्पल बॅगमधून कधीच नाही, पोर्ट साफ करून तिथूनच. दोन आठवड्यांपेक्षा जुना कॅथेटर असेल आणि अजून लागणार असेल तर आधी बदलून नव्यातून घ्यायचं. लक्षणं नसताना नुसते जंतू सापडले म्हणून अँटिबायोटिक नाही, गरोदर बाई आणि लघवीच्या मार्गाची प्रोसिजर ठरलेला पेशंट सोडून.

मोजणार काय

इन्फेक्शन कशाला धरायचं हे आधी पक्कं केलंय: कॅथेटर सलग दोन दिवसांपेक्षा जास्त आत, त्या दिवशी आत असलेला किंवा आदल्या दिवशी काढलेला, ताप ३८ डिग्री सेल्सिअसच्या वर किंवा ओटीपोटात, कमरेच्या बाजूला दुखणं यातलं काहीतरी, आणि कल्चरमध्ये १ लाख किंवा जास्त कॉलनी, दोनपेक्षा जास्त प्रकारचे जंतू नाहीत. नुसती कँडिडा आली तर धरायचं नाही.

आज आपल्याकडे कॅथेटर डे मोजलेच जात नाहीत, त्यामुळे आपला रेट अमुक आहे असं मी इथे ठोकून देणार नाही. पहिले ४ आठवडे काही न बदलता फक्त मोजणार, रोज एकाच वेळी किती पेशंटना कॅथेटर आहे आणि त्यातल्या किती जणांना कारण आहे.

रेट म्हणजे दर १,००० कॅथेटर डेला किती इन्फेक्शन. पण याच्या भरवशावर राहू नका. समजा दोन्ही वॉर्ड मिळून महिन्याला २१० कॅथेटर डे झाले, तर एक इन्फेक्शन झालं की रेट ४.८ आणि दोन झाली की थेट ९.५. एका पेशंटने ग्राफ दुप्पट होतो, त्यावरून मीटिंगमध्ये कुणाला झापायचं नाही आणि पेढेही वाटायचे नाहीत. अजून एक गंमत, नको असलेले कॅथेटर आपण काढले की खालचा आकडा कमी होतो आणि उरलेले पेशंट जास्त आजारी असतात, म्हणजे काम चांगलं होऊनही रेट वाढलेला दिसू शकतो. म्हणून सोबत दर १०,००० पेशंट डेला इन्फेक्शन आणि दोन इन्फेक्शनमधले दिवस हे पण लावणार.

खरं टार्गेट आम्ही हे धरलंय: ६ महिन्यांत कारण नसलेले कॅथेटर डे बेसलाइनच्या निम्म्यावर, आणि बंडलचे सगळे मुद्दे पाळलेले पेशंट ९० टक्के. सगळे म्हणजे सगळे, पाचातले चार केले तर शून्य.

उलटं काही होत नाही ना हे पण बघायचं: २४ तासांत परत टाकावे लागलेले कॅथेटर, लघवी अडकणं, बाथरूमला जाताना पडणं, ओलाव्याने त्वचा खराब होणं. आणि कल्चर पाठवणं बंद करून आकडा सुंदर दाखवला जात नाही ना यासाठी ताप आलेल्या कॅथेटर पेशंटच्या फाइल मी स्वतः चेक करणार.

कसं करायचं

बेसलाइननंतर एकाच वॉर्डात, तेही आधी एका शिफ्टला एका टीमसोबत आठवडाभर. फॉर्म भरायला दोन मिनिटांपेक्षा जास्त लागले तर फॉर्म छोटा करायचा, सिस्टरला दोष द्यायचा नाही. मग पूर्ण वॉर्ड, मग दुसरा वॉर्ड आणि इमर्जन्सी. दर आठवड्याला आकडे वॉर्डातच बोर्डावर. नातेवाईकांना पण आधीच समजवायचं, नाहीतर कॅथेटर काढला की ‘आता लक्षच देत नाहीत’ अशी कम्प्लेंट हमखास येते.

अडचण कुठे येईल ते माहितीये: रात्रपाळी. कॅथेटर काढला की ओले कपडे बदलायला हात लागतात, आणि ते नसतील तर दुसऱ्या रात्री कॅथेटर परत आत. म्हणून पुढच्या मागणीतली दुसरी गोष्ट कापू नका.

कमिटीकडून हवंय ते असं. सिस्टरने काढायच्या प्रोटोकॉलवर मेडिकल सुपरिंटेंडेंट आणि मेट्रन दोघांची सही. दोन्ही वॉर्डांत रात्री एक जास्तीची मावशी, निदान ६ महिने. एक ब्लॅडर स्कॅनर दोन वॉर्डांत मिळून, नवीन नाही मिळाला तरी युरॉलॉजी ओपीडीतला दुपारी ओपीडी संपल्यावर मिळाला तर चालेल, १० च्या आत काढलेल्यांचे ६ तास तेव्हाच भरतात, त्याआधी कुणाला लागला तर तेवढ्यापुरता मागवू. ट्रॉलीचे हुक, कंडोम कॅथेटर आणि मांडीला फिक्स करायच्या पट्ट्या स्टोअरमधून. सही झाली की पुढच्या सोमवारपासून मोजायला सुरुवात करतो, मोजण्यासाठी बाकी कशाची वाट बघायची गरज नाही.