क्लाउड म्हणजे भाड्याचं थ्रेशर
(अकरावी-बारावीच्या वर्गासाठी छोटं भाषण)

मागच्या बाकावरचे जरा पुढे या, पंखा फार आवाज करतो.

सोयाबीन काढायला स्वतःचं थ्रेशर गावात किती घरी आहे? दोन-चार. बाकीचे भाड्यानं आणतात, पोत्यामागे पैसे देतात, काम झालं की मशीन पुढच्या वावरात जाते. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या यंत्रात पैसा कोण अडकवणार? क्लाउड कंप्युटिंग हाच व्यवहार आहे, थ्रेशरच्या जागी कॉम्प्युटर. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरची ताकद आणि जागा इंटरनेटवरून वापरायची आणि जेवढी वापरली तेवढ्याचंच बिल भरायचं.

नावावरून आभाळाकडे पाहू नका. नेटवर्कचा आराखडा काढताना ज्या भागाच्या आतलं दाखवायची गरज नसे, तिथे इंजिनियर ढग काढत; नाव तिथून आलं. प्रत्यक्षात ती जमिनीवरची इमारत असते, डेटा सेंटर. आत रॅकच्या रांगा, रॅकमध्ये सर्व्हर, म्हणजे तेच भाड्याचे कॉम्प्युटर. ते तापतात म्हणून रात्रंदिवस थंड ठेवावे लागतात. लाइन गेली की यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच क्षणी भार उचलतात, मग डिझेल जनरेटर सुरू होतात. मायक्रोसॉफ्टनं 2015 मध्ये पुण्यात आणि अमेझॉननं 2016 मध्ये मुंबईत अशी केंद्रं सुरू केली. म्हणजे तुमचा डेटा सातासमुद्रापारच असतो असं नाही.

आता बारावीच्या निकालाचा दिवस घ्या. दुपारी एका ठरलेल्या वेळी लाखो पोरं एकच वेबसाइट उघडतात. वर्षभर तिथे फारशी वर्दळ नसते. त्या एका दुपारसाठी शंभर सर्व्हर विकत घेणं म्हणजे घरच्या लग्नासाठी मंगल कार्यालय बांधण्यासारखं. क्लाउडवर तेवढ्या तासांपुरते सर्व्हर वाढवायचे, गर्दी ओसरली की परत करायचे. पण परत करायला विसरलं तर मीटर फिरतच राहतं, हेही ध्यानात ठेवा. नव्या लोकांचं बिल बहुतेक इथेच फुगतं.

लग्नाचा विषय निघालाच, तर क्लाउडचे तीन प्रकारही त्यातच सांगतो. बिछायत केंद्रातून गंज, पातेली, शामियाना आणला आणि स्वयंपाक आपणच केला, तर तो आयएएएस: रिकामा सर्व्हर मिळतो, बाकी सगळं आपल्याकडे. कार्यालयात भट्टी, पाणी, भांडी सगळं मांडलेलं आहे, आपण फक्त आपला पदार्थ शिजवायचा, हा पीएएएस. प्रोग्राम लिहिणारे हा वापरतात. आणि केटररनं तयार ताट समोर ठेवलं, तर एसएएएस. तुमचं जीमेल हे तिसरं. परीक्षेत पूर्ण रूपं विचारतात, ती फळ्यावर लिहिली आहेत, उतरवून घ्या: Infrastructure as a Service, Platform as a Service, Software as a Service.

विहिरीवर मोटर सुरू करताना फोन पाण्यात पडला तर डिजिलॉकरमधली गुणपत्रिका बुडत नाही, कारण ती फोनमध्ये नव्हतीच. दुसऱ्या फोनवर लॉगिन केलं की दिसते. मात्र खात्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद पडला असेल तर ओटीपी येत नाही आणि तिथेच गाडी अडते. रिचार्ज संपलं म्हणून दर सहा महिन्यांनी सिम बदलणाऱ्यांनो, आधी खात्यातला नंबर बदला.

आणखी एक घोटाळा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झाल्यावर त्याच ॲपमधून फोटो पुसला, तर तो क्लाउडवरूनही पुसला जातो. सिंक म्हणजे दोन्हीकडे सारखं. बॅकअप झालेला फोटो 60 दिवस Trash मध्ये राहतो, तेवढ्यात परत आणता येतो. मोफत जागा 15 जीबी, पण ती फोटो, ड्राइव्ह आणि जीमेल मिळून. लग्नाच्या व्हिडिओंनी ती भरली की मेल येणंही थांबतं, आणि नेमकं ॲडमिशनचं पत्र तेव्हाच यायचं असतं!

फाइल शेअर करताना Anyone with the link निवडलं, तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला ती उघडता येते. आधार कार्डाची फाइल Restricted वर ठेवा. सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर काम झालं की Sign out करा. नुसती खिडकी बंद करून भागत नाही.

क्लाउड कितीही मोठा असो, वाट आपल्या टॉवरचीच. स्पीड मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये असते, आणि 8 बिटांचा एक बाइट होतो. अपलोड स्पीड 1 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 1 मेगाबिट, असेल तर 4 एमबीच्या फोटोला 4 गुणिले 8, म्हणजे किमान 32 सेकंद.

उद्याचं काम: माहीत असलेल्या आकाराची एक फाइल ड्राइव्हवर चढवा आणि घड्याळ लावा. आकार एमबीमध्ये, त्याला 8 नं गुणा, लागलेल्या सेकंदांनी भागा; येईल तो तुमचा अपलोड स्पीड, एमबीपीएसमध्ये. एकदा सकाळी सहाला, एकदा रात्री नऊला. दोन्ही आकडे वहीत हवेत. टॉवर दूर असलेल्या तांड्यावरच्यांनी दोन एमबीपेक्षा मोठी फाइल घेऊ नका, नाहीतर डेटा यातच संपेल.