विषय: किराणा दुकानाच्या व्यवसाय परवान्याचे नूतनीकरण

दि. १२ मार्च २०२५

प्रति,
मा. मुख्याधिकारी,
नगर परिषद, दारव्हा, जि. यवतमाळ

महोदय,

बाजार चौकातील माझ्या किराणा दुकानाच्या परवान्याची मुदत ३१ मार्चला संपते. तो पुढील वर्षासाठी नूतनीकृत करून मिळावा, ही विनंती. माल तोच, जागा तीच. फक्त मागच्या भिंतीला लागून धान्याच्या पोत्यांसाठी टिनाचे शेड टाकले आहे. पाहणीच्या वेळी ते दिसेलच, म्हणून आधीच कळवतो.

सोबत: जुना परवाना (मूळ प्रत), आधार व पॅनच्या छायाप्रती, चालू वर्षाची मालमत्ता कर पावती, वीजबिल, अन्न परवान्याची प्रत, दोन फोटो. गाळा वडिलांच्या नावे असल्याने त्यांचे संमतीपत्रही जोडले आहे.

पोचपावती द्यावी.

आपला विश्वासू,
प्रवीण राऊत