मानपत्र

आदरणीय आबा,
सादर प्रणाम.

पुरंदर तालुक्यातील आपल्या गावात सलग बावीस वर्षे मुलामुलींना खो-खो शिकविल्याबद्दल, राज्य क्रीडा दिनाच्या निमित्ताने आज पुण्यात आपला गौरव करताना आम्हाला मनापासून आनंद होत आहे. ज्या खाशाबा जाधवांच्या जन्मदिनी हा दिवस साजरा होतो, ते गोळेश्वरसारख्या खेड्यातून निघून १९५२ साली हेलसिंकीला ऑलिंपिक पदकापर्यंत पोहोचले, हे आपण प्रत्येक नव्या तुकडीला पहिल्याच दिवशी सांगत आलात.

आपल्या कार्याला कोणता शब्द शोभेल, यावर हे मानपत्र लिहिताना आमच्यात बराच खल झाला. तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या स्पर्धांत मिळालेले ढाल-करंडक शाळेच्या कपाटात आहेत. त्यांना यश म्हणावे, आणि ते थोडे नाही. परंतु विजय संघाचा असतो, पराक्रम पाठलाग चुकवणाऱ्या आणि खांबावरून सूर मारणाऱ्या खेळाडूचा असतो. ज्या माळावर अनवाणी चालणेही अवघड होते, तेथील खडे वेचून, माती चाळून आणि पाणी मारून आपण मैदान उभे केले. खांबाची कूस मुलींच्या तळहाताला लागू नये म्हणून तो दर पावसाळ्यानंतर स्वतः पॉलिश कागदाने घासला. आणि मुलींना सरावाला पाठवावे म्हणून दारोदार जाऊन, अंधार पडण्यापूर्वी प्रत्येकीला घरी पोहोचविण्याचा शब्द दिला व तो पाळला. याला आम्ही कर्तृत्व म्हणतो.

एक प्रसंग नोंदविल्यावाचून राहवत नाही. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात, अखेरच्या मिनिटात आपल्या एका मुलीकडून कच्चा खो गेला आणि संघ एका गुणाने हरला. परतीच्या टेम्पोत कोणी बोलत नव्हते. आपणही काही बोलला नाहीत. फक्त दुसऱ्या दिवशी पहाटे मैदानावर चुन्याच्या रेषा आखायला तिलाच हाक मारलीत, आणि पहिला खोही तिलाच द्यायला लावलात. आज ती शिक्षिका आहे आणि आपल्या शाळेतील मुलींना चौकोनात बसून उठण्याचे तंत्र शिकविते. त्या दिवशीचा पराभव तिच्या मनात सल होऊन राहिला नाही, ही आपली सिद्धी आम्ही कोणत्याही करंडकाहून मोठी मानतो.

आपल्या हाताखाली खेळलेले अनेकजण आज पोलीस दलात, सैन्यात आणि शेतात आहेत. सर्वच काही राज्य पातळीवर पोहोचले नाहीत, आणि आपण तसा हिशेबही कधी ठेवला नाही.

आपल्या या कर्तृत्वाचा आदर म्हणून शाल, श्रीफळ आणि हे मानपत्र आम्ही आपणास कृतज्ञतापूर्वक अर्पण करीत आहोत. आपणास उत्तम आरोग्य लाभो आणि पहाटेची आपली शिट्टी गावाला ऐकू येत राहो, ही प्रार्थना.

आपले विनीत,
समस्त ग्रामस्थ व पुण्यात स्थायिक झालेले आजी-माजी खेळाडू
पुणे, १५ जानेवारी