दुप्पट, दीडपट, तिप्पट

आखाजीला लेक माहेरी आली आणि तिच्यासोबत नातही आली. चोपड्याच्या उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते. आमरस-पुरणपोळीचं जेवण झालं की कूलरसमोर सतरंजी टाकून सगळं घर आडवं होतं. ऋतुजा तेवढी पलंगाला टेकून लॅपटॉप घेऊन बसली होती. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, प्रोजेक्टचं मॉडेल अर्धं राहिलेलं.

आबा तिच्या मागे येऊन कधी उभे राहिले, तिला कळलं नाही.

"हाई रेघ हालस कशी?"

पडद्यावर एक वर्तुळ होतं. ऋतुजानं माउसनं धरून ओढलं की ते मोठं व्हायचं, सोडलं की तिथंच राहायचं. आबांच्या चेहऱ्यावर सरळ सरळ नापसंती होती. चाळीस वर्षं त्यांनी ड्रॉइंग काढली होती: जिनिंगच्या गिअरची, तेलघाण्याच्या शाफ्टची, विहिरीवरच्या पंपाच्या बैठकीची. बोर्ड, मिनी ड्राफ्टर, 2H पेन्सिल. मग ट्रेसिंगवर शाईचं काम, आणि चुकलंच तर ब्लेडनं इतक्या हलक्या हातानं खरडायचं की कागदाला कळू नये. एकदा काढलेली रेघ हलते, ही कल्पनाच त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. कारखान्यात कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी लांबूनच पाहिलं होतं. तीच रेघ, फक्त पेन्सिलऐवजी माउस; त्यात शिकण्यासारखं काय, असं म्हणून ते निवृत्त झाले.

"अजून बांधली नाही ना, म्हणून हलतेय," ऋतुजा म्हणाली. "तीन गोष्टी मोकळ्या आहेत तिच्या. केंद्र आडवं सरकतं, उभं सरकतं, आणि व्यास बदलतो. हे बघा, केंद्र शून्यावर बसवलं. आता व्यास दिला."

वर्तुळ हिरवं झालं. तिनं ओढून दाखवलं. जागचं हललं नाही.

आबांनी खुर्ची ओढली.

फ्रीकॅड नावाचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं हे ऐकून त्यांना बरं वाटलं, पण हातात माउस धरवेना. तळवा हवेत राहायचा. बोर्डावर शाई पुसू नये म्हणून लागलेली सवय. बारीक रेघेवर बाण नेताना ते श्वास रोखून धरत. ऋतुजानं दोनदा माउस हातातून घ्यायला हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. तेवढं शहाणपण तिच्याकडे होतं. शिकवणाऱ्यानं हात आवरला नाही की शिकणाऱ्याचा हात कायमचा थांबतो.

दुसऱ्या दिवशी आबांनी एक आयत काढला. लांबी दिली, रुंदी दिली. मग सवयीनं समोरच्या बाजूलाही तेच माप दिलं. सॉफ्टवेअरनं तक्रार केली, बंधन फाजील आहे.

"काय व्हयनं?"

"समोरची बाजू तेवढीच असणार ना आबा. परत सांगायची गरज नाही."

आबा खुर्चीत मागे रेलले. चेहरा खुलला होता. "आमचे साहेब याच्यासाठी अख्खी शीट परत काढायला लावायचे. एक माप एकदाच द्यायचं. दोनदा दिलं आणि पुढे एकच बदललं, तर टर्नरनं कोणतं खरं धरायचं? हे तर मी पोरांना शिकवायचो, माय."

त्या संध्याकाळी लेथवाले सलीमभाई आले. एका तेलघाण्याला दोन शाफ्ट जोडणारं कपलिंग हवं होतं, शाफ्ट 45 मिलिमीटरचा. जुनं तुटलेलं, त्यावर मापं काही राहिलेली नाहीत. आबांनी कपाटातून खाकी पुठ्ठ्याची वही काढली. पानाच्या कोपऱ्याला ग्रीस लागलेलं, आणि मधोमध त्यांच्या उभट अक्षरात लिहिलेलं: शाफ्ट d, हब दुप्पट, हबची लांबी दीडपट, बोल्टचं वर्तुळ तिप्पट, फ्लँज चौपट, फ्लँजची जाडी निम्मी.

ऋतुजानं वही हातात घेतली आणि बराच वेळ पान उलटलंच नाही. अशी कितीतरी पानं होती: पुल्या, ब्रॅकेट, बेअरिंगची घरं. कुठेही नुसता आकडा नव्हता. प्रत्येक माप दुसऱ्या कुठल्यातरी मापाच्या आधारानं उभं होतं.

"आबा, तुम्ही हेच करत होता."

"काय?"

तिनं फ्रीकॅडमध्ये तक्ता उघडला. पहिल्या घरात 45 लिहून त्याला `shaft` नाव दिलं आणि खाली वहीच भरत गेली.

```
B2  =2 * shaft
B3  =1.5 * shaft
B4  =3 * shaft
B5  =4 * shaft
B6  =0.5 * shaft
```

स्केचमधली मापं या घरांना जोडायला रात्र झाली. जोडणी आबांनीच केली, एकेक माप, चष्मा कपाळावर आणि परत नाकावर करत. फ्लँज 180, हब 90. तीन बोल्ट दिसताच त्यांनी थांबवलं: तीन 40 पर्यंत, त्याच्या वर चार. जाडी 22.5 आली, तीही त्यांना पटली नाही. "पॅटर्नवाला मिस्त्री अर्ध्या मिलिमीटरचं काय करणार? तेवीस कर. जाडी कमी करायची नाही, वर न्यायची." ऋतुजानं `=ceil(0.5 * shaft)` लिहिलं. हबची लांबीही तशीच 68 झाली.

सकाळी प्रिंट निघाली. फर्स्ट अँगलची खूण जागेवर आहे ना, ते आबांनी सगळ्यात आधी पाहिलं.

सलीमभाईंनी कागद उजेडात धरला. "बरोबर. आता आबा, त्याच मालकाला दुसऱ्या घाण्यासाठी 60 चंही पाहिजे. चार दिवसांनी येऊ?"

आबांनी काही उत्तर दिलं नाही. खुर्चीत बसले, तक्ता उघडला आणि एका बोटानं 45 खोडून 60 लिहिलं. मॉडेल क्षणभर अडलं आणि फुगलं. फ्लँज 240. हब 120. बोल्ट बाहेर सरकले. सलीमभाईंच्या तोंडून "अरे वा" निघालं. ऋतुजा आजोबांच्या तोंडाकडे बघत होती.

आबा मात्र कॅल्क्युलेटर घेऊन बसले होते.

"आबा, गणित त्यानं केलंय."

"सही कोणाची खाली?"

एकेक माप त्यांनी मोजलं आणि पेन्सिलनं बारीक टिक केली. 120, 90, 180, 240, 30. मग शाफ्ट आणि हब एकत्र फिरवणारी की जिथे बसते, त्या खाचेपाशी पेन्सिल थांबली. "की-वे किती दाखवतंय?"

"चौदा."

"साठच्या शाफ्टला अठरा बाय अकराची की बसते. चौदा 45 ला."

ऋतुजानं स्केच उघडलं. की-वेचं माप तक्त्याला जोडलेलंच नव्हतं. काल घाईत थेट 14 लिहिलेलं. सगळं वाढलं, तेवढंच जुन्या जागी राहिलं. हिरवं तेही दिसत होतं, कारण बांधलेलं तर होतंच.

"शाफ्टचा चौथा हिस्सा धरू? म्हणजे पंधरा येईल," ती म्हणाली.

"अंदाजाला ठीक. पण बाजारात मिळणारी की पायरीपायरीनं वाढते. तिथे पटीचा नियम चालत नाही, तक्ता लागतो."

"कुठाय तक्ता?"

आबांनी वहीकडे पाहिलंही नाही. "लिही. 38 च्या पुढे 44 पर्यंत 12 बाय 8. 50 पर्यंत 14 बाय 9. 58 पर्यंत 16 बाय 10. 65 पर्यंत 18 बाय 11."

ती भराभर घरं भरत होती. "पुढे?"

"75 पर्यंत 20 बाय 12."

"आबा," सलीमभाई दारातून म्हणाले, "माझा साठचा कागद?"

"बस जरा. चहा टाकलाय. 85 पर्यंत होऊ दे." आणि ऋतुजाला, "22 बाय 14."